ड्राइव्ह-इन, पुश-बॅक की फ्लो रॅक? माल कोणत्या क्रमाने बाहेर पडतो याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्राइव्ह-इन म्हणजे लिफो आणि फ्लो रॅक म्हणजे फिफो. एवढं कळलं की पुरे ना?

रॅक विकत घेताना एवढं पुरतं, गोदाम चालवताना पुरत नाही. शेवटी आलेला माल आधी जातो, म्हणजे लिफो, की आधी आलेला आधी, म्हणजे फिफो, हे रॅकच्या बांधणीवरून ठरतं हे खरंच आहे. पण त्याच्याआधी विचारायचा प्रश्न असा : हा क्रम नेमका कशाचा? एकेका पॅलेटचा, एका लेव्हलवरच्या रांगेचा, की जमिनीपासून छतापर्यंतच्या संपूर्ण लेनचा?

साध्या सिलेक्टिव्ह रॅकमध्ये प्रत्येक पॅलेट स्वतंत्र असतं. पुश-बॅक आणि फ्लो रॅकमध्ये एका लेव्हलवरची रांग हे एक एकक असतं. ड्राइव्ह-इनमध्ये सगळ्या लेव्हल मिळून अख्खी लेन हेच एकक. हे एकक आणि तुमच्या बॅचचा आकार जुळला, तर लिफो रॅकमधूनही माल तारखेच्या क्रमाने निघतो. जुळला नाही, तर महागड्या फ्लो रॅकमध्येही जुना माल मागे राहू शकतो. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती आहेत.

सिलेक्टिव्ह रॅकमध्ये तर हा प्रश्नच येत नाही ना?

रॅककडून येत नाही. दोन उभे अपराइट, त्यांच्यात आडवे बीम, बीमवर पॅलेट. समोरच्या आइलमधून, म्हणजे दोन रॅकमधल्या वाटेतून, कुठलंही पॅलेट थेट काढता येतं, म्हणून फिफो, लिफो किंवा एक्स्पायरीप्रमाणे, जो क्रम हवा तो पाळता येतो. किंमत जागेत मोजावी लागते, कारण प्रत्येक दोन ओळींमागे एक आइल सोडावी लागते आणि गोदामाचा मोठा हिस्सा फोर्कलिफ्टच्या येण्याजाण्यात जातो. चूक होते ती माणसाच्या किंवा कॉम्प्युटरमधल्या नोंदीची. सातव्या लेव्हलवरचं जुनं पॅलेट सोडून हाताशी असलेलं नवं उचललं जातं, तसं.

डबल-डीप रॅकमध्ये एकामागे एक दोन पॅलेट्स बसतात आणि लांब पोहोचणारे फोर्क असलेला रीच ट्रक लागतो. तिथे दोनच्या जोडीत एकच बॅच ठेवायची. बाकी काही वेगळं नाही.

ड्राइव्ह-इनमध्ये मागचा माल अडकून पडतो म्हणतात. नेमकं काय होतं?

ड्राइव्ह-इनमध्ये आडवे बीम नसतात. लेनच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब रेल असतात, पॅलेटच्या कडा त्यांवर टेकतात आणि फोर्कलिफ्ट त्या दोन रेलच्या मधून आत शिरते. आत जाण्यासाठी वाट मोकळी हवी. म्हणजे खोलवरच्या पॅलेटपर्यंत पोहोचायचं तर त्याच्या पुढची पॅलेट्स आधी बाहेर काढावी लागतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. लेन ६ पॅलेट खोल आणि ४ लेव्हल उंच, म्हणजे २४ जागा. रोज ४ पॅलेट्स तयार होऊन येतात आणि रोज ४ बाहेर जातात. मालाचं आयुष्य ९० दिवसांचं आहे आणि गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या दारात येताना किमान ६० दिवस शिल्लक हवेत.

लेन एकदा पूर्ण भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या रांगेतली ४ पॅलेट्स, म्हणजे चार लेव्हलवरची एकेक, बाहेर गेली. संध्याकाळी नवी ४ आली आणि त्याच मोकळ्या जागी बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढची एकच रांग रोज बदलत राहते आणि तिच्या मागची २० पॅलेट्स जागची हलत नाहीत. तिसाव्या दिवसानंतर ती वीसच्या वीस त्या गिऱ्हाइकाला देता येत नाहीत.

वाईट गोष्ट अशी की कागदावर सगळं ठीक दिसतं. स्टॉक रोज २४, आवक ४, जावक ४. मोजणीत एकही पॅलेट कमी भरत नाही. फक्त तारखा पाहणाऱ्यालाच हे कळतं.

मग ड्राइव्ह-इनमध्ये फिफो पाळताच येत नाही का?

लेनच्या आत नाही. लेन आणि लेनमध्ये मात्र पाळता येतो, आणि ड्राइव्ह-इन नीट चालवणाऱ्या प्रत्येक गोदामात तेच केलेलं असतं. नियम एकच : लेनमधून माल काढायला सुरुवात झाली की ती पूर्ण रिकामी होईपर्यंत तिच्यात नवीन काही ठेवायचं नाही.

वरचंच उदाहरण दोन लेन घेऊन पाहू. पहिली लेन दिवस १ ते ६ भरली. दिवस ७ ते १२ ती रिकामी केली आणि तेवढ्यात दुसरी भरत गेली. पहिल्या दिवशी आत गेलेली पॅलेट्स सगळ्यात मागे आहेत, म्हणून ती बाराव्या दिवशी निघतात, ११ दिवसांची होऊन. सहाव्या दिवशी आत गेलेली सातव्या दिवशीच निघतात, १ दिवसाची असताना. मधली ९, ७, ५ आणि ३ दिवसांची. सरासरी ६ दिवस.

हाच माल अगदी काटेकोर फिफोने चालवला असता, तर प्रत्येक पॅलेट ६ दिवसांनी बाहेर पडलं असतं. सरासरी तीच. फरक पडतो तो वयाच्या पसाऱ्यात. काही गिऱ्हाइकांना ११ दिवस चालतात. पण “या खेपेचा माल मागच्या खेपेपेक्षा जुना नसावा” अशी अट असलेल्यांना हा क्रम चालणार नाही. सातव्या दिवशी त्यांना सहा तारखेचा माल मिळाला, आठव्या दिवशी पाच तारखेचा, म्हणजे आठव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत ओळीने प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा जुनी. अशा गिऱ्हाइकासाठी एका लेनमध्ये एकाच तारखेचा माल हवा. रोजचं उत्पादन २४ पॅलेट असेल तर ते सहज जमतं. रोजचं ४ असेल तर ६ खोल ड्राइव्ह-इन हा त्या मालासाठी चुकीचा रॅक आहे, मग जागा कितीही वाचत असो.

हा नियम सोपा वाटतो. मग मोडतो कुठे?

लेनच्या शेपटीत. लेनमध्ये अगदी मागे दोन-तीन पॅलेट्स उरतात. आजची ऑर्डर संपलेली असते, संध्याकाळचा ट्रक माल घेऊन दारात उभा असतो आणि दुसरी रिकामी लेन नसते. समोर मात्र एकवीस-बावीस मोकळ्या जागा दिसतात. सुपरवायझर म्हणतो, “आजच्या दिवस ठेवा, उद्या काढू.” तो उद्या येत नाही, कारण आता ती तीन पॅलेट्स काढायला आधी एकवीस हलवावी लागणार असतात. गोदामात सापडणाऱ्या मुदत संपलेल्या पॅलेट्सचा माग काढला, तर माझ्या मते बहुतेक वेळा अशाच एका संध्याकाळपाशी येऊन थांबावं लागतं.

उपाय तीन, आणि तिन्ही लागतात. पहिला, ड्राइव्ह-इनच्या जवळ सिलेक्टिव्ह रॅकच्या थोड्या जागा राखून ठेवायच्या. लेनमध्ये दोन-तीन पॅलेट उरली की ती तिथे हलवायची, तिथून आधी विकायची आणि लेन मोकळी करायची. दुसरा, प्रत्येक लेनला एक अवस्था द्यायची : भरती चालू, बंद, उपसा चालू. सॉफ्टवेअर असेल तर ‘उपसा चालू’ असलेल्या लेनमध्ये पॅलेट ठेवण्याचा आदेशच निघू द्यायचा नाही. सॉफ्टवेअर नसेल तर लेनच्या तोंडाशी हिरवी-लाल पाटी पुरते. तिसरा, प्रत्येक मालासाठी एक लेन जास्तीची धरायची. ही तिसरी गोष्ट खर्चाची, म्हणून नेमकी तीच गाळली जाते.

चालकाच्या बाजूनेही पाहायला हवं. सहा पॅलेट खोल लेनमध्ये दोन्ही बाजूंना थोडंसंच अंतर ठेवून, फोर्क वर नेणारा मास्ट उंच करून आत जाणं हे ताणाचं काम आहे. पुढून उचलणं सोपं असतं. खोल लेनच्या कामाला जास्त वेळ लागतो हे धरूनच पाळीचं काम आखलं नाही, तर लोक पुढूनच उचलणार.

पण ड्राइव्ह-इनमध्ये जागा खूप वाचते ना?

आइल कमी होतात, त्यामुळे त्याच जमिनीवर पॅलेटच्या जागा कितीतरी जास्त बसतात. पण बसवलेल्या जागा आणि वापरता येणाऱ्या जागा या वेगळ्या. आपल्या उदाहरणात कोणत्याही दिवशी गोदामात २४ पॅलेट्स आहेत, पण एक लेन भरत असते आणि दुसरी रिकामी होत असते, म्हणजे अडकलेल्या जागा ४८. अर्धा रॅक रिकामा आणि त्या रिकाम्या जागेत दुसरा माल ठेवता येत नाही.

आता त्याच मालाचा साठा २४ ऐवजी २४० पॅलेट्स आहे असं धरा. ९ लेन पूर्ण भरलेल्या आणि उरलेली २४ पॅलेट्स भरणाऱ्या व उपसणाऱ्या दोन लेनमध्ये विभागलेली. एकूण ११ लेन, २६४ जागा, वापर सुमारे ९१ टक्के. रॅक तोच, नियम तोच, पण इथे ड्राइव्ह-इन पूर्ण पैसे वसूल करून देतो.

म्हणून ड्राइव्ह-इन घेण्याआधी विचारायचं ते “एकूण किती पॅलेट्स आहेत” हे नाही, “एकेका मालाच्या किती लेन भरतात” हे. एक-दोनच भरत असतील तर सांगितलेली घनता प्रत्यक्षात हाती येणार नाही. हंगामात एकदम भरून हळूहळू उपसायचा माल, शीतगृहातला मोजक्याच प्रकारांचा साठा, अशा ठिकाणी हा रॅक शोभतो.

ड्राइव्ह-थ्रू घेतला की फिफो मिळतो का?

दोन्ही टोकं उघडी असल्यामुळे एका बाजूने भरून दुसऱ्या बाजूने काढता येतं, हे खरं. पण पॅलेट्स आपोआप पुढे सरकत नाहीत. काढणाऱ्या बाजूला जागा रिकामी झाली की ती रिकामीच राहते आणि भरणाऱ्या बाजूला नवा माल ठेवायला जागा नसते. म्हणजे इथेही लेन पूर्ण उपसूनच पुन्हा भरावी लागते. फायदा एवढाच की लेनच्या आतला क्रम उलटा होत नाही. त्यासाठी दोन बाजूंना आइल सोडावी लागते आणि मागच्या बाजूला आडवा आधार देता येत नाही, म्हणून रॅकची मजबुती वेगळ्या प्रकारे सांभाळावी लागते.

पुश-बॅक रॅकही लिफोच. मग ड्राइव्ह-इनपेक्षा त्यात काय वेगळं?

इथे एकक लहान होतं, आणि क्रमाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पुश-बॅकमध्ये प्रत्येक लेव्हलवर किंचित उतरत्या रेल असतात आणि त्यांवर एकात एक शिरणाऱ्या चाकांच्या गाड्या. पहिलं पॅलेट पहिल्या गाडीवर ठेवलं, दुसऱ्याने त्याला मागे ढकललं, असं करत शेवटचं पॅलेट थेट रेलवर बसतं. पुढचं काढलं की मागची उताराने पुढे येतात. फोर्कलिफ्ट आत शिरत नाही, म्हणून वरच्या लेव्हलला खालच्या लेव्हलशी काही देणंघेणं नसतं. साधारणपणे खोली २ ते ६ पॅलेट्सची असते.

आपलं रोजचं ४ पॅलेटचं उत्पादन ४ खोल पुश-बॅकमध्ये ठेवून पाहा. एका दिवसाचा माल म्हणजे एका लेव्हलची एक रांग, एकच तारीख. रोज एक रांग पूर्ण भरते आणि सर्वांत जुनी रांग पूर्ण रिकामी होते. रांगेच्या आत लिफो आहे, पण सगळी तारीख सारखीच असल्याने त्याला काही अर्थ उरत नाही. २४ पॅलेटच्या साठ्याला सहा रांगा आणि एक जास्तीची, म्हणजे २८ जागा लागतात. ड्राइव्ह-इनला ४८ लागत होत्या. आणि प्रत्येक पॅलेट ६ दिवसांचं होऊन निघतं, जसं फ्लो रॅकमधून निघालं असतं. मध्यम आकाराच्या बॅचसाठी लोक पुश-बॅकचा पुरेसा विचार करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

खोली ठरवताना सर्वांत मोठी बॅच पाहू नका, नेहमी येणारी बॅच पाहा. बॅच ३ ची आणि रांग ५ ची असेल तर दोन जागा रोज वाया जातील, किंवा कोणीतरी त्या दुसऱ्या तारखेने भरेल.

फ्लो रॅक नेमका चालतो कसा?

लेनभर रोलर, आणि त्यांना साधारण ४ टक्के उतार, म्हणजे दर मीटरला ४ सेंटिमीटर. पॅलेट मागच्या उंच टोकाला ठेवायचं, ते स्वतःच्या वजनाने घरंगळत पुढच्या टोकाशी येतं. मध्ये मध्ये ब्रेक रोलर असतात, ते वेग आवाक्यात ठेवतात. पुढच्या टोकाला थांबा असतो आणि त्याच्या अलीकडे सेपरेटर, जो पहिल्या पॅलेटवर मागच्या सगळ्या रांगेचा दाब येऊ देत नाही. हा दाब राहिला तर पुढचं पॅलेट फोर्कवर सरळ उचलताच येत नाही.

१२ पॅलेट खोल लेन १.२ मीटरच्या पॅलेटसाठी अंदाजे १५ मीटर लांब होते आणि दोन टोकांत सुमारे ६० सेंटिमीटरचा फरक पडतो. छत ठेंगणं असेल तर या उतारामुळे एखादी लेव्हल कमी होऊ शकते. भरण्याची आणि काढण्याची अशा दोन आइल लागतात, पण दोन्हीकडची वाहनं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ज्या मालाची उलाढाल मोठी, त्याला याचा फार उपयोग होतो.

फ्लो रॅकमध्ये फिफो मोडूच शकत नाही, हे खरं का?

एका लेनच्या आत खरं. पण माल एकाच लेनमध्ये मावतो असं क्वचितच होतं. आपली २४ पॅलेट्स १२ खोल अशा दोन लेनमध्ये आहेत. पहिल्या लेनमध्ये दिवस १, २, ३ चा माल, दुसऱ्या लेनमध्ये ४, ५, ६ चा. दिवस ७, ८, ९ ला पहिल्या लेनमधून जुना माल गेला आणि तिच्याच मागून नवा भरला. आता पहिल्या लेनमध्ये ७, ८, ९ चा माल आहे. दहाव्या दिवशी चालकाने सवयीने पुन्हा पहिल्याच लेनमधून उचललं, तर ७ तारखेचा माल ४ तारखेच्या आधी बाहेर गेला. लेनच्या आतला क्रम उतार सांभाळतो, दोन लेनमधला माणसाने सांभाळायचा असतो. इथे दर १२ पॅलेट्सनंतर लेन बदलायची, भरतानाही आणि काढतानाही.

दुसरं, उताराला आवकेचा क्रम कळतो, एक्स्पायरी कळत नाही. नंतर आलेल्या लॉटची मुदत आधी संपत असेल, तरी तो मागेच उभा राहील. गिऱ्हाइकाकडून परत आलेलं जुनं पॅलेट मागच्या टोकाने आत गेलं, तर ते सगळ्या नव्या मालाच्या मागे लागेल. आणि तपासणीसाठी रोखून ठेवायचं पॅलेट लेनच्या मध्यात सापडलं, तर त्याच्या मागचं सगळं त्याच्यासोबत अडकतं. म्हणून गुणवत्ता विभागाने मोकळा केलेलाच माल लेनमध्ये घालायचा. परतीचा आणि आखूड मुदतीचा माल सिलेक्टिव्हमध्ये ठेवून तिथून आधी काढायचा.

पॅलेट लेनमध्येच अडकलं तर कसं कळतं, आणि का अडकतं?

स्क्रीनवर लेनमध्ये ९ पॅलेट्स दिसतात आणि पुढचं टोक रिकामं असतं. हीच खूण. कारण बहुतेक वेळा पॅलेटमध्येच सापडतं. खालची फळी तुटलेली, खिळा बाहेर आलेला, प्लास्टिकचं वेष्टण खाली लोंबून रोलरमध्ये गुंतलेलं, किंवा पॅलेट आडवं घातलेलं. खालच्या फळ्या प्रवासाच्या दिशेला समांतर असतील तर पॅलेट सरळ धावतं. फार हलकं पॅलेट उतारावर सुटतच नाही. भरण्याच्या टोकाला प्रत्येक पॅलेट खालून पाहण्याची सवय लावली तर हा त्रास खूप कमी होतो.

अडकलेल्या पॅलेटला मागून फोर्कलिफ्टने दुसऱ्या पॅलेटचा धक्का देण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोक्याची आहे. एकदम सुटलेली रांग थांब्यावर आदळते, ब्रेक रोलर आणि सेपरेटर खराब होतात. आणि लेनमध्ये चढून हाताने सोडवणं कोणीही, कधीही करू नये, कारण सुटलेलं टनभर वजन माणसाच्या दिशेने येतं. लेन दोन्ही टोकांनी बंद करून, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने, शिकवलेल्या माणसांनीच हे काम करायचं.

शटल रॅकबद्दल थोडक्यात?

बॅटरीवर चालणारी गाडी रेलच्या आत पॅलेट नेते आणि आणते. एकक एका लेव्हलची रांग, उतार नाही, आणि दोन्ही टोकांना आइल असेल तर फिफो, एकाच टोकाला असेल तर लिफो. खोल रांगा आणि मोठ्या बॅचेस असतील तर ड्राइव्ह-इनपेक्षा हा पर्याय क्रमासाठी बरा. गाडी बंद पडली की तिची रांग थांबते, म्हणून एक जादा गाडी हवी.

आमच्या गोदामात क्रम बिघडलाय का, हे आजच कसं तपासू?

एखाद्या खपाच्या मालाच्या गेल्या महिन्याच्या डिस्पॅचच्या नोंदी काढा. प्रत्येक पॅलेटची उत्पादनाची तारीख आणि बाहेर गेल्याची तारीख यांतला फरक लिहा. सरासरी पाहू नका, ती फसवते हे वर दिसलंच. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वय पाहा.

मग गोदामात उभ्या असलेल्या मालातलं सर्वांत जुनं पॅलेट शोधा. ते बाहेर गेलेल्या सर्वांत जुन्या पॅलेटपेक्षाही बरंच म्हातारं असेल, तर कुठल्यातरी लेनच्या मागे माल अडकलेला आहे. शेवटी प्रत्येक ड्राइव्ह-इन लेन शेवटची पूर्ण रिकामी कधी झाली होती, ते लिहून काढा. ज्या लेनसमोर तारीख लिहिता येणार नाही, तिथून उपसायला सुरुवात करा.